लेबलताई आणि चौथी लाइन

"नऊ."

"अकरा."

"आई, नऊच होतात. तीनदा मोजलं मी."

"तीनदा चुकीचं मोजलंस. अकरा आहेत."

"बरं, मग तू मोज. बोटं कमी पडली तर माझी घे."

थोरलीनं खरंच दोन्ही हात टेबलावर पसरले. आईच्या पायातल्या चपलाही अजून निघाल्या नव्हत्या. प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा पेपर संपवून ती सरळ घरी आली होती. जाताना ग्लासभर पाणी पिऊन गेली होती, तो ग्लास तसाच होता. प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर तिनं आपल्या उत्तराचा कच्चा आराखडा उतरवून आणला होता आणि कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीपुढे तो मोठ्या ऐटीत टाकला होता. पंधरा गुणांचा प्रश्न. एखाद्या कंपनीचं उदाहरण घेऊन प्रॉडक्ट मिक्सची रुंदी, लांबी आणि खोली स्पष्ट करा. आईनं आपल्याच कारखान्याचं घेतलं होतं.

"विहिरीचं माप काढल्यासारखा प्रश्न आहे," थोरली म्हणाली होती.

"विहीरच आहे ती. पण मी उतरले आणि वर आले. तू बघ."

आणि बघता बघता दोघींची जुंपली.

"ऐक हां," आईनं सुरुवात केली. "बिस्किटं चार. सॉल्टेड, मिल्क, क्रीम, ओट्स. जॅम दोन. साधा आणि बिनसाखरेचा. सॉस तीन. टोमॅटो, चिली, सोया. झाले नऊ."

"मी काय म्हणत होते?"

"थांब ना. पुढे दोन. पाकिटातलं सूप आणि कपातलं सूप. अकरा. पंचावन्न मिनिटांत लिहिलंय मी हे, घाईत, तरी चुकले नाही. रुंदी म्हणजे लाइन किती, मालाच्या जाती किती, तर चार. लांबी म्हणजे सगळ्या लाइनमधल्या वस्तू मिळून किती, तर अकरा. आणि खोली म्हणजे एकेक वस्तू किती चवींत, किती आकारांत मिळते. क्रीम बिस्किट तीन चवी, दोन आकार, म्हणजे खोली सहा. पाकिटातल्या सूपचंही तसंच, सहा. सरांनी असंच शिकवलंय."

थोरलीनं हात मागे घेतले.

"आई, तुमच्याकडे सूप कुठंय?"

आईनं आराखडा आपल्याकडे फिरवून घेतला.

"दुकानात मी कधी बघितलं नाही, म्हणून मोजलंच नाही," थोरली म्हणाली. "जाहिरात नाही, काही नाही. तुमच्या कंपनीचं सूप नाहीये ना?"

आई खुर्चीत बसली.

कारखान्यात तिला सगळे लेबलताई म्हणत. मॅनेजरपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती पॅकिंगच्या पट्ट्यावर लागली, बिस्किटांच्या पुड्यांवर चिकटपट्टी मारायला. तीन वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की ही पोरगी उलटं छापलेलं वेष्टन लांबून ओळखते. मग तिला लेबल स्टोअरमध्ये टाकलं. तेव्हापासून बावीस वर्षं ती त्या लांबट, बिनखिडकीच्या खोलीत होती. छापखान्यातून लेबलांची रिळं यायची, ती मोजायची, एक तुकडा कापून वहीत डकवायची, तारीख घालायची आणि मागणी येईल तशी आत पट्ट्याकडे सोडायची. तिच्या वहीत अठ्ठावन्न लेबलं होती. रंग जरा फिका आला तरी ती रीळ परत पाठवायची. छापखान्याचा माणूस म्हणायचा, "ताई, तुमच्या डोळ्यांना सुट्टी द्या की एखाद दिवस." ती म्हणायची, "तुमच्या शाईला द्या आधी."

आता ती खोलीच बंद होणार होती. नवीन यंत्रं येणार, लेबलं थेट पट्ट्यावरच छापणार. स्टोअरच्या माणसांना साहेबांनी एकच वाट ठेवली होती. संध्याकाळचा मॅनेजमेंटचा डिप्लोमा जो पास होईल, त्याला प्रॉडक्ट असिस्टंट म्हणून घेऊ. लेखी वेगळी पास, तोंडी वेगळी पास. दोन्हींत पास. चौदा जणांनी फॉर्म भरला, टिकले चार. लेबलताई त्यात सगळ्यांत मोठी. नवरा आठवड्यातले पाच दिवस ट्रकवर असायचा. तो फोनवर म्हणायचा, "अगं, या वयात माझी लायसन्सची परीक्षा घेतली तर मी रिव्हर्सच विसरेन. तू कर. मी गॅसवर भात लावायला शिकतो."

आणि आता हे.

"बोल ना," थोरली म्हणाली. "सूप कुठून आलं?"

"कपाटातून," लेबलताई म्हणाली.

स्टोअरच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. बाजारात न आलेल्या मालाची लेबलं त्यात ठेवायची, कुलूप लावून. महिन्यापूर्वी सूपची रिळं आली होती. टोमॅटो, मका, मशरूम. एका माणसाचं पंधरा ग्रॅमचं पाकीट आणि घरचं साठ ग्रॅमचं, शिवाय कपाचं. तिनंच मोजून घेतली, तिनंच तुकडे डकवले, वेगळ्या वहीत. आणि एका कागदावर सही केली. बाजारात येईपर्यंत या मालाबद्दल कुठेही, कुणाशीही बोलणार नाही. बोललो तर नोकरी जाईल. सही करताना ती हसली होती. म्हणाली होती, आमच्या घरी मी काय बोलते ते तरी कोण ऐकतं.

दुकानदाराला विचारलं असतं तर त्यानं नऊ सांगितल्या असत्या. जाहिरातवाल्याला विचारलं असतं तर नऊ. गिऱ्हाइकाला विचारलं असतं तर त्यानं पाच सांगून विषय बदलला असता. फक्त लेबल स्टोअरच्या बाईच्या डोक्यात वस्तूचा जन्म रीळ उतरलं की होतो. माल अजून व्हायचा असो, दुकानात जायचा असो, लेबल आलं म्हणजे वस्तू आहे. पेपर लिहिताना तिनं आठवायचा प्रयत्नच केला नव्हता. डोळ्यांपुढे आपली फळी आणली आणि डावीकडून उजवीकडे वाचत गेली. कपाटासकट.

"वर कंपनीचं नाव लिहिलंस?" थोरलीनं हळूच विचारलं.

"ठळक. अधोरेखित करून."

"आई गं."

"हो ना," लेबलताई म्हणाली. "आई गं."

त्या रात्रीचं जेवण कसंबसं झालं. पेपर बंद पाकिटात गेला असेल, कपाटात पडला असेल, कोण वाचतंय पंधरा गुणांचं उत्तर. असं लेबलताई स्वतःला सांगायची आणि पुढच्याच क्षणी तिला दिसायचं, कुणीतरी चष्मा नाकावर घेऊन वाचतंय, सूप या शब्दाशी थांबलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरल्या शिरल्या तिला प्रॉडक्ट मॅनेजर भेटला. तिशीचा पोरगा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चालता चालता बिस्किट खाणारा. तिच्या अभ्यासाच्या वह्या तपासून देणारा हाच.

"ताई, कसा गेला पेपर?"

"गेला."

"मिक्सचा प्रश्न आला होता म्हणे. तुमच्या तर हातचा मळ. काय लिहिलंत, लांबी किती?"

"विसरले बघा."

"तुम्ही? तुम्ही तर दोन वर्षांपूर्वीच्या रिळाचा नंबर सांगता." तो हसला. मग जवळ येऊन आवाज खाली केला. "कपाटाचं कुलूप नीट आहे ना? पाच आठवडे राहिलेत. समोरच्या कंपनीला वास लागला तर ते आठवडाभर आधी तसलंच सूप स्वस्तात सोडतील. सगळं मुसळ केरात. मी तीन वर्षं या सूपमागे आहे, ताई. आपल्याकडे बिस्किटं, जॅम, सॉस. रुंदी तीनच होती. चौथी लाइन मी आणतोय. घरी आईलासुद्धा सांगितलेलं नाही मी."

सांगायचं ते आत्ताच सांगायला हवं होतं. तिच्या जिभेच्या टोकाशी ते आलंही होतं. पण तो इतक्या विश्वासानं बघत होता की ती एवढंच म्हणाली, "कुलूप नीट आहे."

दिवसभर ती कपाटाकडे पाठ करून बसली. तरी ते पाठीला टोचत राहिलं. एकदा उठून तिनं कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं. नसतं तर तिला बरं वाटलं असतं, निदान दोष कुलपाचा झाला असता.

संध्याकाळी ती वर्गाला गेली. वर्ग लहान मुलांच्या शाळेत भरायचा, बाकांत गुडघे अडकायचे. सर फळा पुसत होते. दिवसा एका कॉलेजात, संध्याकाळी इथं, त्यामुळे त्यांच्या आवाजाला कायम खडूची धूळ लागलेली असायची.

"सर, माझा पेपर परत मिळेल का? पाच मिनिटं. एक ओळ खोडायची आहे."

"लेबलताई, हे बोललात म्हणून बरं, लिहून दिलं नाहीत. पेपर आता आपल्या हातात नाही. बाहेरच्या परीक्षक बाईंकडे गेला. शनिवारी तोंडी त्याच घेणार. प्रत्येकाचं उत्तर समोर ठेवून विचारतात त्या."

"कोण बाई आहेत?"

"फार हुशार. पंचवीस वर्षं याच धंद्यात. खाद्यपदार्थांच्या दोन-तीन कंपन्यांना सल्ला देतात."

"कुठल्या कंपन्यांना?"

सरांनी डस्टर झटकलं. "एक तर तुमच्या समोरचीच. का हो?"

लेबलताईनं बाक धरला. मग तिनं सांगितलं. सगळं नाही, जेवढं सांगता येईल तेवढं. उत्तरात एक लाइन लिहिली, ती लिहायला नको होती.

सरांनी कधीही न चुकणाऱ्या माणसासारखा सल्ला दिला नाही, हे तिला बरं वाटलं.

"असं करा," ते म्हणाले. "काल्पनिक आहे म्हणा. उदाहरण काल्पनिक चालतं. कंपनीच्या नावाखाली समजण्यासाठी एक लाइन जोडली, असं म्हणा. हिशेब बरोबर असला की झालं. चार लाइन, अकरा वस्तू, दर लाइनला सरासरी पावणेतीन. गणितात तर चूक नाही ना?"

"गणितात नाही."

"मग घाबरता कशाला?"

"सर, तुम्हीही घाबरलात. डस्टर दोनदा पडलं तुमच्या हातून."

"माझ्याही वर्गाचं नाव आहे त्या पेपरवर," सर म्हणाले आणि डस्टर उचलायला तिसऱ्यांदा वाकले.

पुढचे तीन दिवस घरात तोंडी परीक्षेची तालीम चालली. थोरली परीक्षक झाली. ओढणी खांद्यावर घडी करून टाकायची आणि भुवया उंचावून बसायची.

"सांगा बाई, जॅमची लाइन बंद केली तर काय होईल?"

"रुंदी एकनं कमी. लांबी दोननं कमी."

"आणि क्रीम बिस्किटाची चौथी चव आणली तर?"

"रुंदी तीच, लांबी तीच. फक्त खोली वाढेल. तीन चवी दोन आकार सहा होते, आता चार दुणे आठ."

"शाब्बास. आणि लेबलं किती?"

"दोन जास्त. रिळं ठेवायला जागा नाही आणि वर मागवतात."

"बाई, ते उत्तरात नको."

दोघी हसल्या. हसता हसता थोरलीनं पुढचा प्रश्न टाकला, "हे सूप कुठलं?" आणि आई म्हणाली, "काल्पनिक." पण ते ज्या पद्धतीनं म्हणाली, त्यावर कुत्र्यानंही विश्वास ठेवला नसता.

"नजर खाली गेली तुझी."

"जाणारच."

"वर बघून म्हण."

"काल्पनिक."

"आता तर डोळे वटारून म्हणालीस. आई, तुला खोटं बोलता येत नाही, इतकी वर्षं आम्हाला कशी वाढवलीस तू?"

शनिवारी तोंडी शाळेच्याच मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. बाहेर बाकावर स्टोअरचे बाकी तिघं बसले होते. आत गेलेला प्रत्येक जण दहा मिनिटांत बाहेर येत होता आणि पाणी शोधत होता. लेबलताईच्या तळहाताला इतका घाम होता की हॉल तिकिटावरची शाई अंगठ्याला लागली.

आत टेबलाच्या एका बाजूला सर होते, भिंतीकडे बघत. मधे परीक्षक बाई. पांढरे केस बारीक कापलेले, आवाज मऊ. रागावणाऱ्या माणसाची भीती कशी आवरायची हे लेबलताईला माहीत होतं. मऊ आवाजाचं काही कळेना.

"बसा. पाणी घ्या. तुम्ही लेबल स्टोअरमध्ये ना? मग हा विषय तुमच्या रोजच्या हाताखालचा. लांबी आणि खोली यांत लोक फार गोंधळ घालतात. तुम्ही नाही घातलात. कसं काय?"

"आधी घातला होता. अठ्ठावन्न लिहून खोडलं. आमच्याकडे लेबल मोजायची सवय. मग आठवलं, सगळी लेबलं म्हणजे लांबी नाही. प्रत्येक वस्तूची खोली एकत्र केली की लेबलं होतात."

"छान." बाईंनी पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. "आणि सुसंगती? लाइन एकमेकींच्या किती जवळच्या?"

"बिस्किट, जॅम, सॉस एकाच दुकानात, एकाच गाडीनं जातात. बनवायची यंत्रं मात्र वेगळी. म्हणजे विक्रीत जवळच्या, कारखान्यात लांबच्या."

"आणि सूप?"

सरांनी भिंत सोडली नाही.

"तेही त्याच गाडीनं," लेबलताईच्या तोंडून निघालं. 'जातं' म्हणायचं की 'जाईल', हे कुणी शिकवलं नव्हतं म्हणून क्रियापदच लागलं नाही, एवढं नशीब.

बाईंनी पेपर वळवून तिच्याकडे केला. तिचंच अक्षर. सूप या शब्दाभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ.

"मी या कंपनीचा माल पंधरा वर्षं बघते. सूप कधी दिसलं नाही मला."

"काल्पनिक आहे."

नजर वर होती. थोरलीनं शिकवल्यापेक्षा बरं जमलं. पण आवाज तिचा नव्हता, शेजारच्या खोलीतून कुणीतरी बोलल्यासारखा आला.

"काल्पनिक." बाईंनी मान हलवली. "चालतं. पण काल्पनिक लिहिणारी माणसं शंभर ग्रॅम लिहितात, दोनशे लिहितात. तुम्ही पंधरा आणि साठ लिहिलंय. तीन चवींची नावं लिहिलीत. मशरूम आधी लिहून, खोडून, मग शेवटी लिहिलंय, जणू क्रम ठरलेला आहे."

क्रम ठरलेलाच होता. फळीवरचा.

बाईंचा चेहरा लेबलताईनं वाचायचा प्रयत्न केला, फिकी छपाई ओळखतात तसा. काहीच उमटत नव्हतं. ही बाई विद्यार्थ्याला खोदून विचारतेय की समोरच्या कंपनीसाठी विचारतेय? दोन्हींत चेहरा असाच मऊ राहिला असता.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "मला दोनच गोष्टी कळतात. उत्तर बरोबर असेल तर ही लाइन खरी आहे आणि तुम्हाला पैकीच्या पैकी. किंवा लाइन खरी नसेल, तर खऱ्या कंपनीच्या नावाखाली दिलेली रुंदी चूक, लांबी चूक, सरासरी चूक. मग या प्रश्नाचे गुण जातात. लेखीतलेही, आणि आज मी मुख्य प्रश्न हाच विचारणार होते, म्हणजे तोंडीतलेही. तुम्हीच सांगा."

सर वळले. "मॅडम, काल्पनिक उदाहरण आपण..."

"सर, त्यांना बोलू दे."

लेबलताईनं टेबलावरचा पेपर जवळ ओढला. तिला ती बिनखिडकीची खोली आठवली नाही, नोकरीही आठवली नाही. तिला आठवला तो चालता चालता बिस्किट खाणारा पोरगा, आईलासुद्धा न सांगणारा. त्याची तीन वर्षं बुडवायला या खोलीत एक 'हो' पुरेसा होता.

"चूक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"रुंदी चूक आहे. तीन पाहिजे. बिस्किटं, जॅम, सॉस. लांबी चूक आहे, नऊ पाहिजे. सरासरी तीन पाहिजे, मी पावणेतीन काढली." तिनं बोट पेपरावरून खाली सरकवलं. "हे सूपचं सगळं माझ्या मनचं आहे. कंपनी माझी खरी आणि आकडे खोटे, असं लिहायला नको होतं. गुण कापा."

"तुम्हाला ठाऊक आहे ना, मी कापले तर तुम्ही तोंडीत नापास?"

"ठाऊक आहे."

सरांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. कुणी उचललं नाही.

बाईंनी लाल पेन उघडलं, पण लगेच टेकवलं नाही. त्या थोड्या पुढे झुकल्या. आवाज आणखी मऊ झाला, जवळजवळ मायेचा.

"एवढी पाठ असलेली चूक मी पंचवीस वर्षांत पाहिली नाही. गुणांचं राहू दे बाजूला. फक्त माझ्या समाधानासाठी सांगा, पंधरा ग्रॅमच का?"

याला कुठलंही उत्तर दिलं तरी कपाट उघडणार होतं. लेबलताई उठली. तिनं हॉल तिकीट उचललं. सरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, दोघांना मिळून एक नमस्कार केला आणि दाराकडे वळली.

"अहो, मी विचारतेय," मागून बाई म्हणाल्या.

दार थोडं घट्ट होतं. तिनं खांदा लावून उघडलं आणि ती बाहेर पडली.